रोज सकाळी 2015 मध्ये उठणारा लॅपटॉप

माझी आत्या कराडला असते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ती दोन गृहनिर्माण सोसायट्यांचे जमाखर्च लिहिते. 2024 च्या जुलैत तिचा फोन आला. "अरे, लॅपटॉप लावला की रोज एक जानेवारी 2015 दाखवतो. मी तारीख नीट करते, काम होईपर्यंत ठीक चालतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि बँकेची साइट उघडायला गेलं की लाल त्रिकोण येतो."

एका दुकानात दाखवून झालं होतं. तिथे विंडोज नव्याने टाकावं लागेल असं सांगितलं होतं. ते टाकलं असतं तरी पैसे वाया गेले असते, कारण बिघाड विंडोजमध्ये नव्हताच. तो होता मदरबोर्डवरच्या बंद्या रुपयासारख्या दिसणाऱ्या सेलमध्ये, बाजारात पन्नास-साठ रुपयांना मिळणाऱ्या. पण तो सेल नक्की काय करतो, कधी संपतो आणि तो संपल्यावर बँकेची साइट का रुसते, हे कळलं की असल्या तक्रारीचं निदान घरबसल्या करता येतं.

घड्याळं दोन असतात

लॅपटॉप चालू असताना कोपऱ्यात जी वेळ दिसते ती विंडोज स्वतः मोजत असतं. प्रोसेसरच्या ठोक्यांवर त्याची मोजणी चालते. पण लॅपटॉप बंद झाला की विंडोजही झोपलं आणि त्याची मोजणीही संपली. मग सकाळी त्याला कसं कळणार की रात्र सरली?

त्यासाठी मदरबोर्डवर दुसरं, फार साधं घड्याळ असतं. इंग्रजीत त्याला रिअल टाइम क्लॉक म्हणतात, दुरुस्ती करणारे 'आरटीसी' म्हणतात. त्याचं काम एकच, मशीन चालू असो की बंद, सेकंद मोजत राहायचं. लॅपटॉप सुरू होताना विंडोज या घड्याळाला एकदा वेळ विचारतं आणि तिथून पुढे स्वतः मोजायला लागतं. झोपेतून उठवलं की पुन्हा विचारतं. मधल्या काळात सहसा विचारत नाही. म्हणूनच आत्याने सकाळी तारीख नीट केली की पुढचे दोन-तीन तास सगळं सुरळीत. विंडोजचं घड्याळ धड होतं. रात्री ज्याने जागायचं तो पहारेकरी मात्र डुलक्या घेत होता.

या छोट्या घड्याळाच्या पोटात क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो, मनगटी घड्याळात असतो तसाच. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. 32,768 ला दोनाने भागत गेलं की बरोबर पंधराव्या वेळी 1 उरतो. निम्मे करणारं सर्किट बनवायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी वीज खाणारं. अशी पंधरा सर्किटं एकामागे एक जोडली की शेवटून सेकंदाला एक ठोका मिळतो.

1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये हे घड्याळच नव्हतं. मशीन सुरू केलं की डॉस आधी तारीख विचारायचं, मग वेळ, आणि कंटाळून नुसतं एंटर मारलं की आपण 1 जानेवारी 1980 मध्ये. सेलवर चालणारं घड्याळ मदरबोर्डवर आलं ते 1984 च्या पीसी-एटीबरोबर. त्यातली मोटोरोलाची चिप आता कुठे दिसत नाही, तिचं काम मदरबोर्डच्या मुख्य चिपमध्ये सामावून गेलं आहे. पण तिची रचना आजही जवळपास तशीच पाळली जाते. त्या चिपमध्ये घड्याळाबरोबर थोडीशी स्मृतीही होती, त्यात मशीनच्या सेटिंग्ज राहायच्या. ती कमी विजेवर चालणाऱ्या सीमॉस प्रकारची होती, म्हणून सेलला अजूनही 'सीमॉस बॅटरी' म्हणतात. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक सेटिंग्ज फ्लॅश चिपमध्ये जातात, त्यांना सेल लागत नाही. त्यामुळे सेल गेल्यावर जुन्या मशीनची सगळी सेटिंग्ज पुसली जायची, तर नव्यात पुष्कळदा फक्त तारीखच जाते.

सेलवर भार कधी पडतो

इथे बहुतेकांचा एक समज असतो की सेल रोज, सतत झिजत असतो. लॅपटॉपच्या बाबतीत तसं नसतं, आणि आत्याच्या केसची मेख इथेच होती.

आरटीसीला वीज तीन ठिकाणांहून मिळू शकते. चार्जर, मुख्य बॅटरी आणि हा सेल. मधे डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे विजेचा एकेरी दरवाजा. चार्जर लावलेला असेल किंवा मुख्य बॅटरीत जीव असेल, तर तिकडून येणारा दाब सेलपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून घड्याळ तिकडचीच वीज घेतं आणि सेलचा दरवाजा आपोआप बंद राहतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये व्यवस्था अशीच असते. म्हणजे मुख्य बॅटरी धडधाकट असलेल्या लॅपटॉपात हा सेल वर्षानुवर्षं नुसता राखीव बसून असतो. सात-आठ वर्षांनी काढून मोजला तरी तो जवळपास भरलेला सापडतो.

आत्याचा लॅपटॉप 2015 मधला. 2019 च्या अखेरीस त्याची मुख्य बॅटरी फुगली. तिच्या मुलाने ती काढून टाकली, नवी घेतली नाही, कारण लॅपटॉप टेबलावरून हलतच नव्हता. चार्जर लावला की चालतो, मग बॅटरी कशाला? आणि आत्या काटकसरी बाई. काम झालं की भिंतीवरचा स्विच बंद, रोज न चुकता. बाकीचे लोक चार्जर लावूनच ठेवतात, त्यामुळे त्यांच्या लक्षातही येत नाही. आत्याच्या घरी मात्र दिवसातले साधारण एकवीस तास त्या घड्याळाला सेलशिवाय दुसरा आधार नव्हता.

आता हिशेब करून बघू. सेलवर CR2032 असं कोरलेलं होतं. त्यातला C म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचं रसायन, R म्हणजे गोल, 20 म्हणजे व्यास वीस मिलिमीटर आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. दाब तीन व्होल्ट, साठा साधारण 220 मिलिअँपिअर-तास. बंद लॅपटॉपमधलं घड्याळ किती वीज खातं? मदरबोर्डप्रमाणे ते बदलतं, पण सहा मायक्रोअँपिअर धरायला हरकत नाही. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. चार्जरवरचा इवलासा दिवासुद्धा याच्या कित्येक पट वीज घेतो. 220 मिलिअँपिअर-तासांना 6 मायक्रोअँपिअरने भागलं की 36,600 च्या आसपास तास येतात, म्हणजे अखंड चालला तर चार वर्षांहून थोडं जास्त. दिवसाला एकवीस तास म्हणजे वर्षाला 7,665 तास. त्याने भागलं की पावणेपाच वर्षं. 2019 ची अखेर ते 2024 चा जुलै, साडेचार वर्षं. हा अंदाजाचा हिशेब आहे, इतका नीट जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं.

यातून एक कामाची गोष्ट निघते. मुख्य बॅटरी मेलेला किंवा काढलेला लॅपटॉप, महिनोन्‌महिने कपाटात पडलेला लॅपटॉप, आणि रात्री मुख्य स्विच बंद होणाऱ्या शाळा-कार्यालयांतली मशीनं, यांचेच सेल आधी संपतात. कोणी 'घड्याळ मागे पडतंय' म्हणालं की मी आधी विचारतो, मुख्य बॅटरी किती वेळ टिकते?

संपायच्या आधी सेल कसा वागतो

टॉर्चचा उजेड हळूहळू मंद होत जातो, तसं या सेलचं नसतं. लिथियमचा सेल आयुष्याचा बराचसा काळ तीन व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि अगदी शेवटी घसरतो. त्यामुळे साडेचार वर्षं काहीच वाटत नाही आणि मग दोन-तीन आठवड्यांत सगळं बिघडतं.

त्या आठवड्यांतही पायऱ्या असतात. आत्याला खोदून विचारल्यावर तिला आठवलं की आधी 2015 यायचं नाही, पण तारीख-वेळ कालचीच दिसायची. रात्री आठला बंद केला तर सकाळी सुरू करताना घड्याळात रात्रीचे आठ वाजून काही मिनिटं. तिला वाटलं, इंटरनेट नसल्यामुळे असेल. खरं तर ही पहिली पायरी. दाब इतका उतरला होता की स्फटिकाचं थरथरणं थांबलं, पण स्मृतीत लिहिलेले आकडे कसेबसे टिकून राहिले. घड्याळ बंद पडलं होतं, काटे होते तिथेच होते. पुढे दाब आणखी उतरला आणि आकडेही पुसले गेले. तेव्हा 2015 आलं.

पण 2015 च का? त्या जुन्या चिपच्या रचनेत एक छोटीशी खूण आहे, एका बिटाची. ती सांगते की शेवटची वेळ लावल्यापासून माझी वीज कधी तुटलेली नाही. लॅपटॉप सुरू होताना बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, आधी ही खूण बघतं. ती पडलेली दिसली की बायोस समजतं की इथल्या आकड्यांवर आता विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, आणि स्वतःत लिहून ठेवलेली ठरावीक तारीख घड्याळात टाकतं. ही तारीख बहुधा त्या बायोसच्या काळातली असते. म्हणून कोणाचा लॅपटॉप 2012 मध्ये उठतो, कोणाचा 2019 मध्ये. रोज तीच तारीख येत असेल तर ती याच प्रकारातली समजायची. काही मशीनं गपचूप तारीख बदलतात, तर काही काळ्या पडद्यावर अडून बसतात. `CMOS checksum error`, `Time-of-day not set` असा काहीतरी मजकूर येतो आणि पुढे जायला F1 दाबायला लावतात. मजकूर कंपनीगणिक वेगळा, अर्थ एकच.

बँकेची साइट का रुसते

सुरक्षित साइट आपल्या ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर दोन तारखा असतात, कधीपासून वैध आणि कधीपर्यंत. ब्राउझर त्या तारखा लॅपटॉपच्या घड्याळाशी ताडून बघतो. 2024 मध्ये काढलेलं प्रमाणपत्र आणि घड्याळ म्हणतंय 2015, म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. तो साइट अडवतो. पडद्यावर `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असं दिसतं, पुष्कळदा ब्राउझर स्वतःच सांगतो की तुमचं घड्याळ मागे आहे. हल्ली ही प्रमाणपत्रं थोड्याच मुदतीची असतात. 2020 च्या सप्टेंबरपासून जास्तीत जास्त 398 दिवसांची मर्यादा होती, पुढे ती आणखी कमी केली गेली. तेव्हा घड्याळ काही वर्षं मागे असेल तर एकही साइट धड उघडणार नाही. अशा वेळी 'तरीही पुढे जा' वर टिचकी मारून बँकेच्या साइटवर शिरायचं नाही. तारीख दुरुस्त केली की इशारा आपोआप जातो. नाही गेला, तर मग तो खरा इशारा आहे.

मग इंटरनेट असताना विंडोज वेळ स्वतःहून का सुधारत नाही? सुधारतं, पण त्यालाही अंतराची मर्यादा आहे. घरगुती मशीनवर नेहमीच्या सेटिंगमध्ये वेळेचा फरक पंधरा तासांपेक्षा जास्त निघाला, तर विंडोजची वेळ-सेवा तो मान्य करत नाही. तिला वाटतं, समोरचा सर्व्हरच काहीतरी चुकीचं सांगतोय. काही मिनिटांची चूक ती मुकाट्याने दुरुस्त करते आणि नऊ वर्षांच्या चुकीपुढे हटून बसते. म्हणून तारीख आधी हाताने जवळपास आणावी लागते, उरलेले सेकंद ती जुळवते.

सेलच आहे हे कसं ठरवायचं

रविवारी कराडला गेलो तेव्हा मी आधी लॅपटॉप उघडला नाही. चालू करून F2 दाबलं आणि बायोसमध्ये शिरलो. काही मशीनवर F10 किंवा Delete असतं. तिथे तारीख-वेळ बरोबर लावली, जतन केली, लॅपटॉप बंद केला, स्विच बंद करून चार्जरची पिन काढली आणि जेवायला बसलो. तासाभराने पुन्हा थेट बायोस. थेट बायोसमध्येच बघायचं याला कारण आहे. विंडोज सुरू झालं आणि जवळ वायफाय असलं, तर ते छोटी चूक झाकून टाकतं आणि आपल्याला वाटतं की घड्याळ ठीक आहे. आत्याच्या बायोसमध्ये 1 जानेवारी 2015 होतं, मध्यरात्र उलटून काही सेकंद.

या चाचणीची दुसरी बाजूही महत्त्वाची. ज्या लॅपटॉपची मुख्य बॅटरी आत बसलेली आणि धड आहे, त्यात सेल पूर्ण मेलेला असला तरी वेळ जाणार नाही, कारण घड्याळ बॅटरीवर चालेल. बॅटरी शून्यावर आली की मगच खोट दिसेल. आणि काही नव्या, पातळ लॅपटॉपांत हा सेलच नसतो, घड्याळाची जबाबदारी मुख्य बॅटरीवर असते. तिथे महिनाभर पडून राहिल्यावर तारीख गेली तर ती बॅटरी पूर्ण उतरल्याची खूण, सेल शोधत बसायचं कारण नाही.

लिनक्स असेल तर मघाच्या त्या एका बिटाची खूण उघड वाचता येते:

```
cat /proc/driver/rtc
```

त्यात `batt_status` नावाची ओळ असते. पुढे `okay` किंवा `dead`. पण `okay` वर फार विसंबू नका. ती खूण वीज तुटली की नाही एवढंच सांगते, किती उरली ते नाही.

शेवटची साक्ष मल्टिमीटरची. डीसी व्होल्ट, वीसचा पट्टा, लाल टोक सेलच्या + लिहिलेल्या बाजूला. नवा सेल 3.2 च्या आसपास दाखवतो. तीनच्या वर असेल तर दोष दुसरीकडे शोधा. 2.8 च्या खाली असेल तर बदलायची तयारी ठेवा, आणि अडीचच्या खाली असेल तर तो गेलाच. आत्याचा सेल 1.87 व्होल्ट दाखवत होता.

सेलचा दोष नसलेली एक तक्रार मात्र वारंवार येते. घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे किंवा मागे असतं, एक मिनिटही इकडेतिकडे नाही. हे त्या मशीनवर घडतं जिथे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं की नेमका तेवढाच फरक पडतो. मेलेला सेल कधी इतका हिशेबी चुकत नाही. लिनक्सला विंडोजच्या पद्धतीने वागायला सांगितलं की हा गोंधळ मिटतो:

```
timedatectl set-local-rtc 1
```

आणि लॅपटॉप चालू असताना, डोळ्यांसमोर वेळ घसरत असेल तरी सेलचा संबंध नाही, कारण तेव्हा मोजणी विंडोजची असते. महिन्याला मिनिटभराचा फरक तर स्फटिकाच्या स्वभावातलाच.

बदलताना

आधी एक काम लॅपटॉप चालू असतानाच करून घ्या. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर सेल काढल्यावर बायोसची सेटिंग्ज बदलू शकतात आणि विंडोज 48 आकडी किल्ली मागू शकतं. ती हाताशी नसेल तर सेलच्या नादात सगळी माहिती अडकून बसेल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा दिली की किल्ली दिसते, ती कागदावर लिहून ठेवायची:

```
manage-bde -protectors -get C:
```

बायोसमध्ये जाऊन डिस्कचा मोड, म्हणजे AHCI, RAID वगैरेपैकी काय निवडलं आहे, तो पडदाही मोबाइलवर टिपून ठेवा. जुन्या मशीनवर सेल काढल्यावर हा मोड मूळ पदावर जातो आणि विंडोज सुरूच होत नाही. लोक घाबरून डिस्क गेली समजतात. मोड पूर्वीसारखा केला की सगळं जागेवर असतं.

मग चार्जर काढायचा, मागचं झाकण उघडायचं आणि आत मुख्य बॅटरी असेल तर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवायचा. सेल दोन प्रकारे बसवलेला असतो. एक म्हणजे सरळ खोबणीत, तिथे बाजूची पट्टी नखाने दाबली की तो उसळून वर येतो. दुसरा प्रकार लॅपटॉपात जास्त दिसतो. प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेला सेल, त्यातून लाल-काळ्या दोन वायरी आणि टोकाला तांदळाएवढा कनेक्टर. तो वायर धरून ओढायचा नाही, कनेक्टर नखाने ढकलत काढायचा. वायरवाल्याला वायरवालाच तयार सेल आणावा, आणि जुन्या-नव्या वायरींचे रंग कनेक्टरमध्ये त्याच बाजूला आहेत ना ते बघून घ्यावं. नुसता सेल आणून त्यावर वायरी डागायला काहीजण बसतात. लिथियमच्या सेलवर तापलेली डागणी टेकवणं हे काम घरात करण्यासारखं नाही, तो फुटू शकतो.

आकडाही तोच हवा. CR2016 सेल व्यासाने तेवढाच दिसतो, पण जाडीने निम्मा, खोबणीत सैल बसतो आणि साठाही निम्म्याहून कमी. आणि अक्षरं तर हमखास बघायची. काही लॅपटॉपांत ML किंवा VL ने सुरू होणारा सेल असतो, तो चार्ज होणारा. लॅपटॉप चालू असताना बोर्ड त्याला चार्ज करत राहतो. त्याच्या जागी CR घातला तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये बोर्ड वीज कोंबत राहील. तो तापतो, फुगतो, गळतो. दुकानदार "चालतं सगळं" म्हणाला तरी चालत नाही.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. एवढ्या आकाराचा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका असली तरी थेट दवाखाना गाठायचा.

नवा सेल बसवून पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा मिनिट-दोन मिनिटं काळा राहिला किंवा मशीन आपणहून एकदा बंद-चालू झालं, तर घाबरू नका. सेटिंग्ज पुसल्यावर काही मशीनं रॅमची ओळख नव्याने करून घेतात. आत्याने तेवढ्यात दोनदा "गेला वाटतं" म्हणून घेतलं. मग बायोसमध्ये तारीख लावायची, टिपलेला मोड ताडून बघायचा, आणि मघाची तासाभराची चाचणी पुन्हा करायची.

नवा सेलही दोन-चार महिन्यांत संपला तर? तर सेल बदलत राहण्यात अर्थ नाही. बोर्डवर कुठेतरी वीज झिरपते आहे, बहुधा चहा-पाणी सांडल्याचा जुना डाग किंवा तो एकेरी दरवाजा खराब. मीटर मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर लावून सेलच्या वाटेत जोडला तर काही मायक्रोअँपिअर दिसायला हवेत. शेकड्यात आकडा आला की काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे.

आत्याच्या सेलला हे दुखणं नव्हतं. पण घड्याळ सुरू झाल्यावरही एक काम उरलं होतं. तीन आठवड्यांत ती काही सकाळी तारीख नीट करायला विसरली होती, आणि त्या दिवशी जतन झालेल्या हिशेबाच्या फायलींवर 2015 ची तारीख पडली होती. पेनड्राइव्हवर नक्कल करणारा तिचा प्रोग्राम फक्त 'जास्त नवी' फाइल उचलतो. त्याला या फायली नऊ वर्षं जुन्या वाटल्या आणि त्याने त्या सोडून दिल्या. जुलैच्या पावत्या पेनड्राइव्हवर नव्हत्याच. फायली तारखेप्रमाणे लावल्या, तळाशी 2015 च्या सात सापडल्या. एकेक उघडून पुन्हा जतन केली, तेव्हा त्यांच्यावर त्या दिवसाची तारीख आली आणि नक्कल पूर्ण झाली.

"आता स्विच चालू ठेवू का रात्री?" आत्याने विचारलं. म्हटलं, तू बंदच करत जा. लॅपटॉपच्या पोटाला एक चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेनाने लिहिलं: CR2032, जुलै 2024. खाली तिने स्वतःच्या अक्षरात भर घातली, 2028 च्या दिवाळीला बदलणे.